काक्षी हे नाव आले कुठून?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकात दर महिन्याला आकाशाचा नकाशा येतो आणि त्यात ठळक ताऱ्यांची इंग्रजी व मराठी नावे शेजारीशेजारी छापलेली असतात. हे नकाशे कापून वहीत चिकटवून ठेवणाऱ्या वाचकांपैकी मी एक आहे. गेल्या पंधरवड्यात खानापूर तालुक्यातील आमच्या गावी शाळेच्या मैदानावर आकाशदर्शनाचा कार्यक्रम झाला, तेव्हा मुलांच्या हातात याच नकाशाच्या झेरॉक्स प्रती होत्या. आमच्याकडे जंगलाचा आडोसा असल्यामुळे शहराचा उजेड फारसा पोचत नाही. रात्री नऊच्या सुमारास मृग नक्षत्र जवळजवळ डोक्यावर आले होते आणि त्यातला तांबूस तारा साध्या डोळ्यांनाही स्पष्ट दिसत होता. माहिती देणाऱ्या पाहुण्यांनी त्या ताऱ्याचे इंग्रजी नाव बीटलज्यूझ आणि मराठी नाव काक्षी असे सांगितले. सहावीतल्या एका मुलीने काक्षी म्हणजे काय असे विचारले, तेव्हा ते आपल्या ऋषिमुनींनी ठेवलेले प्राचीन नाव आहे एवढेच उत्तर मिळाले. त्या मुलीचा प्रश्न खरा होता आणि त्याला खरे उत्तर आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

बीटलज्यूझ हा शब्द मूळचा इंग्रजी नाही. अरबांच्या आकाशात आपल्या मृगाच्या जागी अल्-जौझा नावाची एक मानवाकृती होती. या नावाचा संबंध बहुतेक अभ्यासक ‘मध्य’ या अर्थाशी जोडतात, आणि ही आकृती स्त्रीची मानली जाई. तिच्या हाताच्या जागी असलेला तारा म्हणजे ‘यद् अल्-जौझा’, जौझेचा हात. मध्ययुगात अरबी ज्योतिषग्रंथ लॅटिनमध्ये उतरवले जात असताना या ‘यद्’चा ‘बद्’ झाला. एवढा मोठा फरक कसा पडला हे मला पुस्तकातून नीट कळत नव्हते. म्हणून दुसऱ्या दिवशी मी आमच्या गावातले उर्दू शाळेचे निवृत्त शिक्षक आणि माझे जुने स्नेही यांच्याकडे गेलो. त्यांनी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर एक छोटासा दात काढला, त्याच्याखाली दोन ठिपके दिले आणि म्हणाले, “गुरुजी, हा शब्दाच्या सुरुवातीचा य. आता ह्यातला एक नुक्ता कमी करतो बघा. झाला ब.” त्यांनी बोटाने एक ठिपका झाकला. खालचा दात तसाच्या तसा राहिला आणि अक्षर मात्र बदलले. जुन्या हस्तलिखितांत ठिपके फिकट होत, शाई पसरून एकमेकांत मिसळत, कधी लेखनिक ते द्यायचेच विसरत, आणि पुढच्या नकलकाराला जे दिसले तेच तो उतरवी.

इथपर्यंतची चूक निरुपद्रवी म्हणता येईल, कारण नाव बिघडले तरी त्याला कोणी चुकीचा अर्थ चिकटवला नव्हता. अर्थ चिकटला तो नंतर. युरोपात प्रबोधनकाळी या बिघडलेल्या नावाचे मूळ शोधण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा ‘ब’ हे अक्षर बरोबरच आहे असे धरून चालल्यामुळे ‘बद्’च्या जवळ जाणारा अरबी शब्द शोधला गेला. अरबीत ‘इब्त’ म्हणजे काख. तारा मानवाकृतीच्या खांद्याजवळ असल्यामुळे हा अर्थ चपखल वाटला आणि ‘मधलीची काख’ असे त्या नावाचे स्पष्टीकरण पुढे कित्येक पुस्तकांत छापले गेले. म्युनिकचे अरबी भाषेचे अभ्यासक पाउल कुनित्श यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात युरोपातील अरबी तारानामांची पद्धतशीर छाननी केली. मुळात ‘यद्’ म्हणजे हात होता आणि पुढचे सगळे एका ठिपक्यामुळे घडले, हे त्यांच्या कामातून स्पष्ट झाले.

आता आपल्या काक्षीकडे येऊ. संस्कृत ‘कक्ष’ म्हणजे काख. आपला काख हा शब्दही त्यापासूनच आला आहे. काक्षी म्हणजे काखेतली. आपल्या परंपरेत या ताऱ्यांची आकृती माणसाची नाही, हरणाची आहे. चार कोपऱ्यांवरचे चार तारे म्हणजे हरणाचे पाय, वरची तीन बारीक चांदण्यांची पुंजी म्हणजे त्याचे डोके, आणि मधले एका रेषेतले तीन तारे म्हणजे व्याधाने मारलेला त्रिकांड बाण. या चित्रात तांबूस तारा पायाच्या जागी येतो. हे चित्र डोळ्यांपुढे ठेवून नाव ठेवणाऱ्याला काख सुचण्याचे काहीच कारण नाही. म्हणून काक्षी हे नाव वेदकाळातले नसून, इंग्रजी पुस्तकांतले काखेचे स्पष्टीकरण वाचून अलीकडच्या काळात घडवलेले भाषांतर आहे, असे माझे मत आहे. अरबी लिपीतला एक ठिपका लॅटिनमध्ये हरवला आणि तो असा मराठीपर्यंत येऊन पोचला.

असे भाषांतर ही काही एकटी घटना नाही, आणि ते नेहमी चुकतेच असेही नाही. दक्षिणेकडे दिसणाऱ्या फोमलहॉट या ताऱ्याचे मराठी नाव मीनास्य आहे. मीन म्हणजे मासा, आस्य म्हणजे तोंड. अरबी ‘फम् अल्-हूत’चा अर्थही माशाचे तोंड असाच आहे. हे नाव अरबांनी स्वतः कल्पिलेले नव्हते. इ.स. १५० च्या सुमारास टॉलेमीने ग्रीक भाषेत ताऱ्यांची जी यादी केली, तिच्यात बहुतेक ताऱ्यांना नाव न देता आकृतीतली त्यांची जागा सांगितली आहे, आणि ती वर्णने अरबीत उतरली. इ.स. ९६४ च्या सुमारास अब्द अल्-रहमान अल्-सूफी यांनी लिहिलेल्या तारकाग्रंथात टॉलेमीची यादी आणि अरबांची स्वतःची जुनी नावे शेजारीशेजारी नोंदलेली आढळतात. ग्रीक वर्णनातून आलेली नावे आणि वाळवंटात जन्मलेली नावे यांतला भेद आपल्या नकाशाखाली कधीतरी दोन ओळींत सांगितला, तर वाचकांना ते फार उपयोगी पडेल.

वाळवंटातल्या नावांचे मला सर्वांत आवडणारे उदाहरण रोहिणीचे आहे. तिचे इंग्रजी नाव आल्डेबरन म्हणजे अरबी ‘अद्-दबरान’, मागून येणारा. मागून कोणाच्या, तर कृत्तिकांच्या, ज्यांना अरबी व उर्दूत सुरैय्या म्हणतात. आमच्या भागात मुलींचे हे नाव सर्वांच्या ओळखीचे आहे, पण त्याचा अर्थ कृत्तिका असा होतो हे फार थोड्यांना माहीत असते. हे नाव किती नेमके आहे ते कोणालाही उघड्या माळावर पडताळता येते. बेळगावच्या अक्षांशावर कृत्तिकांचा पुंजका पूर्वेला उगवल्यानंतर साधारण तासाभराने रोहिणी त्याच बाजूने वर येते, आणि रात्रभर ती त्या पुंजक्याच्या मागेमागे चालत असते. आपल्या पूर्वजांनी तिची चाल न पाहता रंग पाहिला, कारण रोहिणी म्हणजे तांबडी. इथे कोणी कोणाचे भाषांतर केलेले नाही. एकाच ताऱ्याकडे दोन लोकांनी आपापल्या डोळ्यांनी पाहिले. मात्र चंद्राच्या मुक्कामांचा क्रम पाहिला, तर अरबांच्या अठ्ठावीस मुक्कामांत सुरैय्या तिसरी, अद्-दबरान चौथे आणि मृगाच्या डोक्यावरची तीच तीन बारीक चांदणी पाचवी येते. अश्विनीपासून मोजल्यास आपल्याकडेही कृत्तिका, रोहिणी आणि मृगशीर्ष यांचा क्रम हाच आहे.

अरबी नावे आपल्याला परकी वाटतात, पण तीही तितकीशी परकी नाहीत. अभिजितचे इंग्रजी नाव व्हेगा हे ‘अन्-नस्र अल्-वाकी’ म्हणजे खाली उतरणारे गिधाड यातल्या शेवटच्या शब्दावरून आले. याच धातूपासून घडणे, घटना या अर्थाचा ‘वाकिआ’ हा शब्द झाला आणि शिवकाळातील वाकनीस, म्हणजे घडलेल्या गोष्टींची नोंद ठेवणारा अधिकारी, हा शब्दही त्यातूनच आला. व्हेगा आणि वाकनीस एकाच मुळाचे आहेत हे मी वर्गात सांगत असे, तेव्हा इतिहासाच्या तासाला पेंगणारी मुलेही मान वर करीत.

माझी विनंती काक्षी हे नाव काढून टाकावे अशी मुळीच नाही. मराठी पुस्तकांत ते रुजले आहे आणि मराठी शाळांतली मुले त्याच नावाने तो तारा ओळखतात. २०१६ साली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने अधिकृत तारानामांची यादी सुरू केली, तेव्हा त्यांनीही बीटलज्यूझ हे बिघडलेलेच रूप कायम ठेवले, कारण रूढ नाव बदलल्याने गोंधळ वाढतो. विनंती एवढीच की मराठी नावांच्या वर ‘प्राचीन भारतीय नावे’ असा जो मथळा छापला जातो तो काढावा. त्या रकान्यात रोहिणी, अभिजित, श्रवण ही खरोखर जुनी नावे आहेत, तर मीनास्य आणि काक्षी ही माझ्या समजुतीने भाषांतरे आहेत. या तांबूस ताऱ्यालाच अनेक याद्यांत आर्द्रा म्हटले जाते. ते मात्र एकाच ताऱ्याच्या नक्षत्राचे जुने नाव आहे आणि आमच्या शेतकऱ्यांना जूनच्या तिसऱ्या आठवड्यानंतरच्या पावसामुळे चांगले ठाऊक आहे. तेव्हा त्या ताऱ्यापुढे ‘आर्द्रा, काक्षी’ अशी दोन्ही नावे छापावीत आणि प्रत्येक नावाचा अर्थ कंसात एका शब्दात द्यावा: ओली, काखेतली. जागा कमी पडत असेल तर दर महिन्याला एकाच ताऱ्याचा अर्थ दिला तरी चालेल.

पुढच्या अमावास्येला आम्ही पुन्हा मैदानावर जमणार आहोत. त्या वेळी माझे उर्दूचे स्नेही फळा आणि खडू घेऊन येणार आहेत, आणि त्या मुलीला तो एक ठिपका पुसून दाखवायचे त्यांनी कबूल केले आहे.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक,
ता. खानापूर, जि. बेळगाव