टेस्टमध्ये नापास झालो तर परतीचं तिकीट कुणाचं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या अंकात छोट्या जाहिरातींच्या पानावर ‘गल्फमध्ये वेल्डर, फिटर, फॅब्रिकेटर पाहिजेत, राहणं-खाणं फ्री’ अशा चौकटी असतात. मी पाईप वेल्डर आहे. सतरा वर्षं झाली. कोराडीच्या शटडाऊनला काम केलं, बुटीबोरीत केलं, पाच वर्षं अबू धाबीकडे काढून परत आलो. मागच्या महिन्यात मुंबईच्या एका एजंटाचा मला व्हॉट्सॲपवर मेसेज आला: “सिक्स-जी टिग-आर्क वेल्डर, यूएई, २४०० दिरहॅम, दोन वर्षं, तिकीट कंपनीचं, उद्या पासपोर्टची कॉपी पाठवा.” मी त्याला लांब उत्तर लिहिलं. ते आमच्या शॉपमधल्या पोरांनी वाचलं आणि आता रोज एखादा येऊन म्हणतो, “भाऊ, ते तुमचं पत्र द्या ना.” म्हणून ते इथंच लिहितो.

आधी त्या पत्रामागची गोष्ट सांगतो, नाहीतर मी तिकिटावर एवढा का अडून राहिलो ते कळणार नाही.

२०२३ मध्ये अबू धाबीकडच्या कॅम्पात आमच्या खोलीत कन्हानकडचा एक पोरगा आला. हात चांगला होता त्याचा. मुंबईत एजंटाच्या यार्डात सहा इंची साध्या कार्बन स्टील पाईपवर सिक्स-जी टेस्ट दिली, म्हणजे पाईप पंचेचाळीस अंशांत तिरपा बांधलेला, फिरवायचा नाही, आपणच त्याभोवती फिरायचं. पास झाला. साईटवर पोचल्यावर कळलं की क्लायंट आपली वेगळी टेस्ट घेतो, आणि ती पी-९१ पाईपवर, म्हणजे क्रोमियम मिसळलेल्या, जास्त उष्णता सोसणाऱ्या पोलादावर. पुस्तकातला नियम काही का असेना, क्लायंटला आपल्या पाईपवर आपल्या डोळ्यांसमोर सांधा बघायचा असतो. कोराडीच्या ६६० मेगावॅटच्या युनिटांवर ज्यांनी काम केलंय त्यांना पी-९१ सांगायला नको. आधी पाईप दोनशे अंशांच्या आसपास तापवायचा, आतून दोन्ही बाजूंनी बंद करून आरगॉन भरायचा, हवा पुरती बाहेर गेली की मगच रूट, म्हणजे सांध्याचा सगळ्यात आतला पहिला थर, मारायचा. या पोरानं हे गॅस भरून हवा काढायचं पर्जिंग कधी केलंच नव्हतं. घाईत गॅस दोन मिनिटं सोडला आणि सुरू झाला. सांधा बाहेरून देखणा होता. आतून टॉर्च मारून बघितलं तर रूटवर काळे दाणे, भाजलेल्या खडीसाखरेसारखे. आम्ही त्याला शुगरिंग म्हणतो. एक्स-रे काढायचीही गरज नव्हती.

दुसरी संधी मिळाली, तीही गेली. मग कॅम्प बॉसनं दोन वाटा दाखवल्या: ९०० दिरहॅमवर हेल्पर हो, नाहीतर घरी जा. आणि तिकीट? “नापास तू झालास, तिकीट तुझं.” एजंटाला ९० हजार देऊन आला होता, पावती नव्हती. चार महिने ग्राइंडर चालवून त्यानं तिकिटाचे पैसे जमवले. विमान मुंबईला उतरलं, तिथून विदर्भ एक्सप्रेसच्या जनरल डब्यात उभा राहून नागपूरला आला.

त्या कॅम्प बॉसचं म्हणणं निव्वळ दादागिरी होती असं मला तेव्हा वाटलं. नंतर कायदा वाचून घेतला तेव्हा कळलं की त्यानं एका फटीत बोट घातलं होतं. यूएईचा २०२१ चा कामगार कायदा म्हणतो की काम संपल्यावर मालकानं कामगाराला भरती झालेल्या ठिकाणी किंवा दोघांनी ठरवलेल्या ठिकाणी स्वखर्चानं परत पाठवायचं. अपवाद दोन. एक, तो दुसऱ्या मालकाकडे लागला तर. दोन, काम सुटण्याचं कारण कामगाराकडून घडलं असेल तर. टेस्टमध्ये नापास होणं हे ‘कामगाराकडून घडलेलं कारण’ आहे की एजंटानं चुकीच्या पाईपवर टेस्ट घेतल्याचं फळ? तिथं गेल्यावर भांडून हे ठरत नाही. खोली त्यांची, जेवण त्यांचं, तुमची वकिली करायला कोण येणार? जायच्या आधी कागदावर असेल तरच जमतं.

आता माझं उत्तर, थोडं काटछाट करून:

“नमस्कार. मेसेज मिळाला. काम करायची तयारी आहे. पण पासपोर्टची कॉपी पाठवण्याआधी पुढच्या गोष्टी लिहून द्या, फोनवर नको.

आपला नोंदणी क्रमांक कळवा, मी emigrate.gov.in वर बघून घेतो. आपली सर्व्हिस फी सरकारी मर्यादेत, म्हणजे ३० हजार आणि त्यावर जीएसटी, एवढीच असेल आणि पावती मिळेल असं गृहीत धरतो. कंपनी तिथं माझ्याकडून भरतीचा खर्च कापणार नाही, हेही लिहा. तिथल्या कायद्यात त्याला मनाई आहे.

ऑफर आपल्या लेटरहेडवर नको. यूएईच्या कामगार मंत्रालयात नोंदवलेली ऑफर पाठवा, ती हिंदीतही मिळते हे मला माहीत आहे. व्हिसावर ‘वेल्डर’ लिहिलेलं असावं, ‘लेबर’ नाही.

२४०० मध्ये बेसिक किती? हे मला सगळ्यात आधी सांगा.

टेस्टबद्दल: क्लायंट कुठल्या मटेरियलवर घेणार? त्याच मटेरियलवर, तेवढ्याच जाडीच्या पाईपवर मुंबईत माझी टेस्ट घ्या. त्यानंतरही साईटच्या टेस्टमध्ये नापास झालो तर प्रोबेशनमध्ये काढून टाकताना चौदा दिवसांची नोटीस आणि परतीचं तिकीट कंपनीचं, असं करारात एका ओळीत लिहा.

परतीचं ठिकाण नागपूर लिहा, मुंबई नाही.”

शेवटच्या ओळीवर पोरं हसली. म्हणाली, मुंबई-नागपूरच्या भाड्यासाठी काय भांडायचं? पण कायद्यातले शब्द ‘भरती झालेल्या ठिकाणी’ असे आहेत, आणि एजंटाचं ऑफिस मुंबईत म्हणजे भरतीचं ठिकाण मुंबई. ‘दोघांनी ठरवलेलं दुसरं ठिकाण’ ही सोय कायद्यानंच दिली आहे, फक्त ती कुणी मागत नाही. माणूस तिथून दोन मोठ्या बॅगा, वर कंबल घेऊन निघतो. रिझर्व्हेशन नसताना मुंबईला रात्री उतरला की त्याला कळतं काहून भांडायचं ते.

बेसिकचा प्रश्न मात्र कुणाला समजत नाही, म्हणून तो आकड्यात मांडतो. पगार २४०० च, पण एका करारात बेसिक १००० आणि भत्ते १४००, दुसऱ्यात बेसिक १८०० आणि भत्ते ६००. हातात येणारी रक्कम सारखी दिसते. पण ओव्हरटाईम बेसिकवर मोजतात, वर २५ टक्के. महिना ३० दिवसांचा, दिवस आठ तासांचा धरला तर पहिल्या करारात ओव्हरटाईमचा तास साधारण ५.२१ दिरहॅमचा, दुसऱ्यात साधारण ९.३८. रोज दोन तास, महिन्याचे २६ दिवस म्हणजे ५२ तास. महिन्याला फरक सुमारे २१७. दोन वर्षांत ५२०० दिरहॅम. सुटून येताना मिळणारी ग्रॅच्युइटी वर्षाला २१ दिवसांची, तीही बेसिकवरच. दोन वर्षांची पहिल्या करारात १४००, दुसऱ्यात २५२०. म्हणजे आणखी ११२० गेले. एकूण ६३२० दिरहॅम, आणि पगाराचा आकडा दोन्हीकडे २४०० च. एजंट हा आकडाच मोठ्यानं सांगतो, फोड सांगत नाही. ग्रॅच्युइटी एक वर्ष पूर्ण झालं तरच मिळते, हेही ध्यानात ठेवा.

सुट्टीच्या तिकिटाबद्दल एक गैरसमज आहे. वर्ष झालं की ३० दिवसांची पगारी सुट्टी तिथला कायदा देतो. पण त्या सुट्टीत घरी यायचं तिकीट कायदा देत नाही, ते करारात असेल तरच मिळतं. ‘तिकीट कंपनीचं’ या दोन शब्दांत जायचं तिकीट येतं, सुट्टीचं येतं की नाही, आणि शेवटचं कोणत्या अटीवर, हे तिन्ही वेगळं विचारावं लागतं.

आणखी एक. मी दहावी पास, त्यामुळे माझा पासपोर्ट ईसीएनआर आहे, म्हणजे कामाला परदेशी जाताना सरकारी तपासणी लागत नाही असा. आमच्या आयटीआयच्या वेल्डर ट्रेडला आठवी पासही घ्यायचे, त्यांचा पासपोर्ट बहुधा ईसीआर असतो आणि त्यांना यूएईला जाताना एमिग्रेशन क्लिअरन्स लागतो, म्हणजे त्यांचा करार सरकारी नजरेखालून जातो. दहावी झालेला पोरगा मात्र ‘आपल्याला काही लागत नाही’ म्हणून खुशीत निघतो. खरं म्हणजे त्याचा कागद बघणारा तो स्वतः सोडून कुणी नसतो.

एजंटाचं काय झालं? दुसऱ्या दिवशी फोन आला. आधी “एवढे प्रश्न कोणी विचारत नाही दादा” असं झालं. नोंदणी क्रमांक दिला, तो पोर्टलवर सापडला. फी मर्यादेत घेतो म्हणाला. नागपूरची ओळ घालायला हरकत नाही म्हणाला, कंपनीला विचारून. बेसिक १२०० निघालं, मी १८०० म्हटलं, १५०० वर अडलंय. नापास झाल्यास तिकीट, हे आल्यावर म्हणाला, “तुम्ही सतरा वर्षांचे वेल्डर, नापास होणारच नाही, मग लिहायचं कशाला?” मी म्हटलं, “होणारच नाही ना, मग लिहायला काय जातं?” त्यावर चार दिवस शांतता.

पाचव्या दिवशी मेसेज आला: क्लायंट टेस्ट पी-९१ आणि स्टेनलेस, दोन्हींवर. मुंबईच्या यार्डात पी-९१ चा तुकडा नाही, मागवून घेतो. मी कळवलंय की तो आला की तारीख द्या, टेस्ट देतो. तोवर पासपोर्ट माझ्या कपाटातच आहे.

आपला,
एक पाईप वेल्डर,
हिंगणा रोड, नागपूर