सक्शन मशीनच्या मराठी माहितीपत्रकातील चुकांबाबत तक्रार

दि. १६ जून
देवगड तालुका, जि. सिंधुदुर्ग

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : घरपोच दिलेले सक्शन मशीन, कॅथेटर आणि त्यासोबतचे मराठी पत्रक यांतील चुकांमुळे रुग्णाला झालेला त्रास.

महोदय,

माझ्या वडिलांना पक्षाघातानंतर गळ्यात ट्रॅकिओस्टॉमीची नळी बसवलेली आहे. गोव्याच्या रुग्णालयातून २ जूनला आम्ही त्यांना घरी आणलं. दुसऱ्या दिवशी तुमचा माणूस सक्शन मशीन, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणि कॅथेटरचं खोकं घेऊन आला. मशीन चालू करून दाखवलं, पावतीवर सही घेतली आणि पंचवीस मिनिटांत गेला. मी तेव्हा रत्नागिरीला होतो. मी ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करतो. मासेमारी बंदीत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तेव्हाच आमचा इंजिनं खोलायचा हंगाम. घरी पत्नी आणि आई दोघीच होत्या. दोघींनाही सिस्टरनी चार दिवस वॉर्डात उभं करून सक्शन शिकवलं होतं, हे आधीच सांगतो. म्हणजे 'ग्राहकाने नीट शिकून घेतले नाही' हे उत्तर तुमच्याकडून येणार नाही.

पहिली गोष्ट दाबाची. सिस्टरनी सांगितलं होतं, 'शंभरच्या आसपास ठेवा, एकशेवीसच्या वर नको.' तुमच्या पत्रकातही छापलंय, 'प्रौढ रुग्णांसाठी दाब ८० ते १२० ठेवावा.' आकडे जुळले, म्हणून कुणाला शंका आली नाही. तुमच्या माणसाने बटण फिरवून काटा ८० वर आणला आणि 'याच्या खाली आणू नका' असं बजावलं. मशीनची ताकदही तिथेच संपते.

मी ६ तारखेला घरी आलो. बाबांच्या कॅथेटरमधून गुलाबी कफ येत होता, मधूनच रक्ताची रेघ. पत्नीने तुमच्या हेल्पलाइनला विचारलं तर 'सुरुवातीला येतं थोडं' एवढंच उत्तर. सक्शन करताना कॅथेटर आत चिकटत होतं, ओढून काढावं लागत होतं. माझा निम्मा जन्म गेजकडे बघण्यात गेलाय, त्यामुळे मी आधी डायल पाहिला. काट्याच्या खाली, चष्मा लावल्याशिवाय दिसणार नाही अशा अक्षरांत, 'के-पी-ए'. किलोपास्कल! सिस्टरचे शंभर हे मिलिमीटर पाऱ्याचे. वॉर्डातल्या भिंतीवरच्या गेजवर तोच मापदंड होता. शंभर मिलिमीटर पारा म्हणजे साधारण १३ किलोपास्कल आणि एकशेवीस म्हणजे १६. तुमच्या माणसाने लावून दिलेले ८० किलोपास्कल म्हणजे ६०० मिलिमीटर पारा. सांगितल्याच्या सहापट ओढ तीन दिवस बाबांच्या श्वासनलिकेच्या नाजूक अस्तरावर लागत होती. पत्रकात आकडा आहे, एकक नाही. मी इंजिनाचा ऑइल प्रेशर असा एकक न लिहिता सांगितला तर मालक मला जेटीवरून पाण्यात ढकलील.

आता आम्ही रबरी नळीचं टोक अंगठ्याने पूर्ण बंद करून काटा बघतो, कारण टोक उघडं असलं तर गेज खरा दाब दाखवतच नाही. डायलवर १० ची रेघ आहे आणि त्यानंतर थेट २० ची. मधे पत्नीने नखाच्या लाल रंगाने ठिपका दिलाय. दाब खाली आणल्यावर दुसऱ्या दिवशी गुलाबी रंग गेला.

कॅथेटरचंही तसंच. बाबांची नळी आठ नंबरची, म्हणजे आतून आठ मिलिमीटर. कॅथेटरची जाडी त्याच्या निम्म्याहून जास्त नको, नाहीतर बाजूने हवा आत यायला वाट राहत नाही आणि कफाबरोबर छातीतली हवाही ओढली जाते. कॅथेटरचे तीन नंबर म्हणजे एक मिलिमीटर, तेव्हा चार मिलिमीटरला बारा नंबर, पांढऱ्या टोकाचं. चिठ्ठीवर डॉक्टरांनी बारा लिहिलेलं आहे. खोक्यात चौदा नंबरची आली, हिरव्या टोकाची. 'बाराचा स्टॉक नव्हता, चौदाने लवकर ओढतं' हे तुमच्या माणसाचं स्पष्टीकरण.

दुसरी गोष्ट ऑक्सिजनची, आणि माझ्या मते पत्रकातली सगळ्यात घातक ओळ तीच आहे : 'सक्शनपूर्वी ऑक्सिजन पुरवठा बंद करावा.' खाली आणखी, 'कफ पूर्ण निघेपर्यंत नळी आत ठेवावी.' सिस्टरनी शिकवलं होतं ते बरोबर याच्या उलट. सक्शनच्या आधी अर्धा ते एक मिनिट जास्तीचा ऑक्सिजन द्यायचा, कारण कॅथेटर आत असताना माणसाचा श्वास जवळजवळ आपण हातात धरलेला असतो. आधी साठा दिला तर तेवढे काही सेकंद निभतात. बाबांना एरवी दोन लिटर चालू असतो, सक्शनच्या आधी मास्क गळ्यावर ठेवूनच पाच लिटर करायचा. हा आकडा बाबांच्या डॉक्टरांनी बाबांसाठी दिलेला आहे. जुना दमा किंवा फुप्फुसाचा जुना विकार असलेल्या माणसाला तो वेगळा असू शकतो. मग कॅथेटर ओढ न लावता आत सरकवायचं, नळीच्या लांबीपेक्षा जेमतेम अर्धा-एक सेंटिमीटर पुढे, आणि बाहेर काढतानाच कॅथेटरच्या भोकावर अंगठा ठेवून ओढ लावायची. सगळं दहा सेकंदांत, फार तर पंधरा. सिस्टर म्हणायच्या, स्वतःचा श्वास रोखून धरा, तुम्हाला घुसमटलं की त्यांनाही घुसमटतंय असं समजा. बाहेर काढल्यावर पुन्हा ऑक्सिजन, ऑक्सिमीटरचा आकडा नेहमीच्या जागी येईपर्यंत. त्यानंतरच दुसरी खेप.

तुमच्या माणसाने दोघींना सांगितलं की इन्व्हर्टरवर दोन मशीन एकदम नकोत, म्हणून सक्शनला कॉन्सन्ट्रेटर बंद करा. पत्रकात तेच छापलेलं, मग त्यांनी केलं. ५ तारखेच्या दुपारी ऑक्सिजन बंद, ओढ सहापट आणि कॅथेटर जाड, अशा अवस्थेत वीसेक सेकंद कॅथेटर आत राहिलं. सॅच्युरेशन ९५ वरून ८३ वर आणि नाडी ९२ वरून ५४ वर आली. नाडी अशी एकदम खाली येणं म्हणजे तिथल्या तिथे कॅथेटर बाहेर काढायचं, हे पत्नीला आठवलं आणि तिने काढलं. पत्रकात नाडीचा उल्लेख नाही.

तिसरी गोष्ट ११ तारखेच्या रात्रीची.

कॉन्सन्ट्रेटरला पाण्याची बाटली लागते. तुमचा माणूस म्हणाला, 'कोकणात हवा दमट, बाटलीत पाणी कशाला?' पावसाळ्यात आमच्याकडे कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते हे खरं, पण कॉन्सन्ट्रेटरमधून येणारा वायू कोरडा असतो, आणि गळ्याच्या नळीतून श्वास घेणाऱ्याचं नाक, जे एरवी हवा ओली आणि कोमट करतं, ते वाटेत येतच नाही. आठ दिवसांत कफ चिकट झाला. आम्हाला ते उशिरा उमगलं, एवढी चूक आमचीही.

रात्री दीड वाजता आई मला उठवायला आली, 'बाबांका शीळ येतासा बघ.' गळ्यातून बारीक शिट्टी येत होती. हसलीच्या हाडावरचा खळगा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता, कपाळावर घाम, आणि धडधाकट हात सारखा गळ्याकडे जात होता. ऑक्सिमीटर मात्र ९४. तुमच्या चोवीस तासांच्या हेल्पलाइनवर फोन लावला, तिकडून उत्तर आलं, '९४ आहे ना, मग काळजी नको. कफ सुकला असेल, सलाईन घालून दाब वाढवा.'

ऑक्सिजन चालू असताना आकडा बराच वेळ टिकून राहतो आणि मग घसरतो. नळी तुंबायला लागली हे माणसाच्या धडपडीवरून आधी कळतं, निळे ओठ तर शेवटी. पत्नीने हाताची मागची बाजू नळीच्या तोंडाशी धरली, वारा जवळजवळ लागत नव्हता. कॅथेटर घातलं ते तीन बोटांवर अडलं. अडलेलं कॅथेटर जोराने पुढे ढकलायचं नाही, सलाईन घालत बसायचं नाही, दाब तर मुळीच वाढवायचा नाही. पहिल्यांदा आतली नळी काढायची. तिने एका हाताने बाहेरच्या नळीचं बूड धरलं आणि दुसऱ्याने आतली फिरवून काढली. तिच्या टोकाला वाळलेल्या आंब्याच्या डिंकासारखी पिवळट गुठळी होती, मधे काडीएवढं भोक. ती निघाल्याबरोबर बाबांनी खोल श्वास घेतला आणि शिट्टी थांबली. धुऊन ठेवलेली दुसरी आतली नळी बसवली, कॅथेटर सहज गेलं. तोवर आकडा ८८ पर्यंत उतरलाच होता.

आतली नळी काढूनही मोकळं झालं नसतं तर पुढची पायरी सिस्टरनी आईकडून तीनदा वदवून घेतली होती : १०८ ला फोन, नळीचा फुगा रिकामा करायचा म्हणजे बाजूने थोडी वाट होते, आणि तरीही नाही तर पूर्ण नळी बाहेर काढून तोंडावर आणि गळ्याच्या भोकावर दोन्हीकडे ऑक्सिजन. तुमच्या पत्रकात 'श्वास अडल्यास हेल्पलाइनशी संपर्क साधावा' एवढंच आहे.

माझ्या मागण्या अशा. हे पत्रक ताबडतोब मागे घ्या. ज्यांना ज्यांना ते दिलंय त्यांना फोन करून दाबाचं एकक आणि ऑक्सिजनची ओळ दुरुस्त करून सांगा, कारण हे मशीन तुम्ही फक्त आमच्याच घरी दिलेलं नसणार. नवं पत्रक श्वसनविकारतज्ज्ञ आणि वॉर्डातली सिस्टर यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय छापू नका. डायलवर मिलिमीटर पाऱ्याची पट्टी चिकटवून द्या. चौदा नंबरचं फोडलेलं खोकं परत घेऊन बारा नंबरचं द्या, फरकाचे पैसे मी मागत नाही. हेल्पलाइनवर रात्री बसणाऱ्या माणसाला निदान 'आतली नळी काढा' एवढं वाक्य माहीत असू द्या.

आमच्या डॉक्टरांनी हा प्रकार वैद्यकीय उपकरणांच्या मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रमाकडे कळवायचं ठरवलं आहे. १५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. सोबत पत्रकाची प्रत, डायलचा फोटो, डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत आणि एक न फोडलेलं हिरव्या टोकाचं कॅथेटर जोडलं आहे.

मशीन मी परत देत नाही, ते रात्री लागतं. तुमचा माणूस यायचा असेल तर दुपारी तीननंतर पाठवा, दीड ते अडीच बाबांची सक्शन आणि नळी धुण्याची वेळ असते. आणि तो येईल तेव्हा ८० चा आकडा कुठल्या मापातला, एवढं त्याला आधी विचारून पाठवा.

आपला ग्राहक,
(सही)