आत्याचं ऐकून घे, पण तिचा प्रश्न बायकोला विचारू नकोस

चि. बाळास,

फोनवर बोलायला गेलं की तू नुसतं हो हो करतोस आणि मागे फोर्कलिफ्टचा पीं पीं चालू असतो, म्हणून लिहून पाठवतेय. शिफ्ट सुटल्यावर घरी जाऊन वाच, बसमध्ये नको, तिथे शेजारचा डोकावतो.

काल तू म्हणालास की दोन दिवस झाले सूनबाई नीट बोलत नाहीये आणि आई मला आता खरंच वाटायला लागलंय की काहीतरी आहे. मी तेव्हा काही बोलले नाही. पण नंतर सगळं क्रमाने लावून बघितलं तर मला वेगळंच दिसलं, तेच लिहितेय.

शनिवारी नाशिकला औरंगाबाद रोडच्या लॉन्सवर साखरपुडा होता. तिथे जेवणाच्या काउंटरपाशी आत्याने तुला धरलं. तू हातात प्लेट घेऊन उभा आणि ती सुरू, बायको पुण्याला, तू अंबडला, हा काय संसार म्हणायचा का, आणि तिचा पगार कुणाच्या हातात असतो रे? तू हसून टाळलंस. सोमवारी कंपनीत चहाला तुमच्या त्या सिनियरनी विचारलं, रात्री फोन बिझी लागतो का कधी? असं लांब राहिलं की पोरी बदलतात, लिहून ठेव. आणि त्याच रात्री साडेदहाला तिचा फोन बिझी लागला. अकराला लागला तेव्हा तू पहिलं वाक्य काय बोललास? "एवढ्या रात्री कुणाशी बोलत होतीस?" तिने सांगितलं, अमेरिकेच्या टीमचा कॉल होता. मग ती म्हणाली, "पण तू असं का विचारतोयस?" आणि तिचा आवाज चढला. तुला वाटलं, काही नसतं तर एवढं झोंबलं कशाला असतं.

अरे, इथेच तर घोळ आहे. लग्न झाल्यापासून तिचे असे रात्रीचे कॉल चालू आहेत, फोन आधीही बिझी लागला असणारच, तेव्हा तू जेवून झोपून गेलास. म्हणजे त्या रात्री नवीन होता तो फक्त प्रश्न आणि तोही तुझा नव्हता, त्या सिनियरचा होता, तू फक्त नेऊन पोचवलास. कुणालाही चौकशीच्या सुरात विचारलं की माणूस चिडतोच, खरा असला तरी चिडतो, खरा असला तर जरा जास्तच. मग ती चीड बघून आपण म्हणतो की बघा, संशय बरोबर होता. पुढच्या वेळी आपण अजून जपून विचारतो, ती अजून कमी बोलते आणि लोकांनी सांगितलेलं खरं होत जातं. तिकडे त्या सिनियरना तर आपण बोललो हे आठवतही नसेल.

म्हणून असं काही कानावर पडलं की आधी बघायचं, ही गोष्ट कुणी बोलायच्या आधी आपल्या मनात होती का? मी स्वतः काही बघितलंय का, ठरावीक असं, की नुसतं लोक म्हणतात? नसेल बघितलं तर त्या दिवशी तो विषय फोनवर काढायचाच नाही, एक रात्र जाऊ द्यायची. सकाळी बहुतेक वेळा त्यातलं काही उरत नाही. आणि उरलंच तर जे उरलंय ते तुझं स्वतःचं असतं, ते तुझ्याच शब्दात बोल. तुझं काय उरलं असतं सांगू? की दोन दिवस तुमचं धड बोलणं झालं नव्हतं आणि घर रिकामं वाटत होतं. तेवढंच म्हणाला असतास तर तिने लॅपटॉप बंद करून तासभर गप्पा मारल्या असत्या.

आता आत्याबद्दल. माझ्या नणंदबाई आहेत म्हणून बाजू घेत नाहीये, पण वन्संच्या बोलण्यातला टोमणा सोडला ना, तर आत एक प्रश्न बरोबर आहे. हे असं कधीपर्यंत? तुम्ही दोघांनी हे ठरवलेलंच नाही. तुझं उत्तर दर वेळी वेगळं असतं, एकाला सांगतोस ती बदली मागतेय, दुसऱ्याला सांगतोस मीच पुण्याला जाईन म्हणतो, आणि लोकांना असं डळमळीत काही दिसलं की ते हात घालतातच. तेव्हा या शनिवारी दोघं बसा. दोन घरभाडी किती दिवस परवडतात, चाकणकडे तुझ्या लाइनचं काम मिळेल का, नाशिकला राहून तिला घरून काम देतील का, हे सगळं बोलून तुमच्यापुरती एक मुदत ठरवा. फक्त ती मुदत कुणाला सांगू नका. दिवाळीनंतर बघू असं एकदा तोंडातून गेलं की भाऊबीजेपासून फोन सुरू होतील, झालं का, झालं का.

लोकांना द्यायचं उत्तर छोटं ठेव आणि दर वेळी तेच दे. "हो आत्या, आमचं दोघांचं बोलणं झालंय त्यावर, ठरलं की तुला पहिलं सांगतो." बास. कारणं देऊ नकोस. तू म्हणालास तिचं प्रोजेक्ट चालू आहे की आत्या म्हणणार प्रोजेक्ट काय आयुष्यभर चालतं का, म्हणालास भाडं परवडतं की ती हिशोब मांडून दाखवणार. एक कारण दिलं की त्यावर तीन प्रश्न येतात आणि तू वकिलासारखा बायकोची केस लढवत बसतोस, तेही वरणभाताच्या रांगेत.

अजून एक, हे मात्र कधीही करू नकोस. "मला चालेल गं आत्या, पण तिलाच नोकरी सोडायची नाहीये." हे म्हटलं की तू सुटतोस आणि ती अडकते. पुढच्या लग्नात सगळ्या बायका तिच्याभोवती बसणार आणि तिला कळणारही नाही की हे आलं कुठून. पुरुषमंडळींची ही फार जुनी सवय आहे, स्वतः चांगलं राहायचं आणि नकार बायकोच्या नावावर टाकायचा. आमचं ठरलंय म्हण. आणि आपल्याकडच्या लोकांना तूच उत्तर द्यायचं, तिच्याकडच्यांना तिने. ओझरच्या तिच्या मावशीने तुला काही ऐकवलं तर तू गोड हसून तिच्याकडे बघ, ती बोलेल.

आत्याला तोडून बोलायचा तर प्रश्नच नाही, तुझ्या डिप्लोमाची पहिल्या वर्षाची फी तिने भरली होती हे तू विसरणार नाहीस. पण ती असं का बोलते, ते बघ. आधी तू दर रविवारी पंचवटीत तिच्याकडे मिसळ खायला जायचास, सगळ्या खबरा तिला आधी कळायच्या. लग्न झाल्यापासून तू लग्नकार्यातच भेटतोस. मग तिला जे दहा मिनिटं मिळतात त्यात ती सगळं कोंबते. त्यापेक्षा रविवारी सूनबाई इथे असताना दोघं जाऊन या, तू जरा बाहेर चक्कर मारून ये आणि त्या दोघींना बसू दे. तिला आत्याकडून मटक्या भिजवून मोड कसे आणायचे ते विचारू दे, काहीही विचारू दे. एकदा त्यांचं आपसात बोलणं सुरू झालं की आत्या तुला तिच्याबद्दल विचारायची थांबेल, कारण मग ती थेट तिलाच विचारेल, आणि समोरासमोर विचारताना माणूस जरा बऱ्या सुरात विचारतो. सगळं थांबेल असं म्हणत नाही मी. वन्सं बोलणारच, पण धार जाईल.

कंपनीतलं वेगळं आहे. तिथे नात्याचं देणं नाही, पण रोज तोंड बघायचं असतं. आणि खरं सांग, त्यांना हे सगळं कळलं कसं? तूच सांगत असणार ना चहाला, की काल भांडण झालं, शुक्रवारी आलीच नाही वगैरे. भांडण सांगतोस, पण रविवारी मिटलं हे सोमवारी जाऊन सांगतोस का? नाही. मग त्यांच्याकडे तुझ्या संसाराची फक्त भांडणंच जमा आहेत आणि ते त्यावरूनच सल्ला देणार, त्यात त्यांचीही चूक नाही. मन मोकळं करायला एक माणूस ठेव, जो तुम्हा दोघांनाही ओळखतो. चहाच्या टपरीवर गाडीचं, क्रिकेटचं, इन्क्रिमेंटचं बोल की.

त्या सिनियरचं स्वतःचं घर मोडलंय असं तूच मला सांगितलं होतंस. मग ते तुझ्याशी बोलतात तेव्हा निम्मं स्वतःशीच बोलतात रे. त्यावर वाद घालायचा नाही, "हं, बघतो सर" म्हणायचं आणि विषय त्यांच्या मुलाच्या दहावीवर न्यायचा. तरी पुन्हा चारचौघात तेच काढलं तर तिथे उलट बोलू नकोस, सगळ्यांसमोर त्यांचा मान गेला तर ते कायमचे मनात धरतील. नंतर पार्किंगमध्ये एकटे असताना सांग, सर तुम्ही काळजीने बोलता मला माहितीये, पण घरचा विषय सगळ्यांसमोर नको, मला अवघडल्यासारखं होतं. व्हॉट्सअपवर नको लिहूस हे, तोंडाने सांग. व्हॉट्सअपवर सूर कळत नाही आणि स्क्रीनशॉट मात्र फिरतो.

आता तू म्हणशील, मग कुणाचंच ऐकायचं नाही का? ऐकायचं. कुणी येऊन सांगितलं की मी हे डोळ्यांनी बघितलं, अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, तर ती माहिती झाली, ती शांतपणे ऐकून घ्यायची आणि बायकोशी उघड बोलायचं. आणि तुमच्यापैकी कुणी दुसऱ्याला घाबरायला लागलं, हात उगारला गेला, पैसे किंवा फोन काढून घेतला, तर मात्र आमचं आम्ही बघू म्हणून दार लावून घ्यायचं नाही, तेव्हा मोठ्यांना सांगायचं, मला सांगायचं. लांब राहिलं की पोरी बदलतात हे यातलं काहीच नाही, ते नुसतं वारं आहे.

आता आज रात्री काय करायचं ते. तिचा कॉल संपल्यावर फोन कर आणि झालं तसं सांग. शनिवारी आत्या असं म्हणाली, सोमवारी सर असं म्हणाले, ते डोक्यात घेऊन मी तुला तसं विचारलं. नावानिशी सांग, "सगळे म्हणतात" असं म्हणू नकोस, त्याने तिला वाटेल की सगळं गाव तिच्यावर टपलंय. आणि आत्याबद्दल सांगताना फीचं पण सांग, नाहीतर रविवारी तिथे जायला ती तयार व्हायची नाही. चिडेल थोडी, चिडू दे, मध्ये बोलू नकोस.

वन्संना मी काही सांगणार नाहीये, मी मध्ये पडले तर त्याचं अजून वेगळंच होईल. रविवारी येताय हा फोन तूच कर त्यांना, आणि उद्याच कर, शनिवारी संध्याकाळी केलास तर त्यातही त्यांना काहीतरी दिसेल. मटकी मी इथून भिजवून देत नाही, तिथेच शिकू दे तिला.

तुझी,
आई