खाचेत राहिलेला तुकडा

काका,

परवा पैसे हातात पडले की लगेच सायकल काढून निघालात, चहासुद्धा घेतला नाहीत. तेव्हा बोलायचं राहिलं, ते इथे लिहितेय.

सोलापूरचा मे महिना तुम्हाला काय सांगायचा. त्यात आमच्या फ्रिजच्या दाराचं रबर खालच्या कोपऱ्यात फाटलेलं. आत पाणी साचायचं, कॉम्प्रेसर बंद म्हणून व्हायचा नाही. तुमच्या आधी दोघं येऊन गेले. एकानं लांबूनच बघून "दारच बदला" म्हटलं. दुसऱ्यानं खाचेत स्क्रू ड्रायव्हर घातला. कट्कन आवाज आला, दाराच्या आतल्या प्लॅस्टिकला बोटभर तडा गेला, आणि रबर अर्धं लोंबकळत ठेवून "पार्ट घेऊन येतो" म्हणून तो गेला.

तुम्ही फ्रिजची पिन काढलीत आणि गरम पाणी मागितलंत. मला वाटलं, हात धुवायचे असतील. पण तुम्ही फडकं बुडवून, पिळून रबरावर दाबून धरलंत. "वाळलेलं रबर ओढलं की वरचं हातात येतं आणि जीभ खाचेतच राहते," म्हणालात. ही जीभ मी पहिल्यांदा पाहिली. रबराच्या पाठीला बाणाच्या टोकासारखी कड असते, खाचेत तीच अडकलेली असते. कोपऱ्यापासून सुरुवात करून, आतली कड दोन बोटांनी उचलून, आडवं न खेचता सरळ आपल्याकडे, वीत-वीतभर. अडलं की ओढायचं नाही, परत फडकं.

तरी तीन ठिकाणी जीभ तुटलीच. आणि मग तुम्ही जे केलंत ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. फरशीवर पेपर पसरून जुनं रबर दाराच्या आकारात मांडलंत. खाचेतून लाकडी काडीनं काढलेले तुकडे एकेक करून त्यांच्या त्यांच्या जागी लावलेत, लहान मूल चित्र जुळवतं तसे. दोन जागा भरल्या, तिसरी रिकामी. दुसऱ्या कुणी नवं रबर दाबून दिलं असतं. मग तेवढ्या जागी ते फुगून राहिलं असतं आणि गार हवा परत बाहेर. तुम्ही मात्र गुडघ्यावर बसून बॅटरी लावलीत. खालच्या कोपऱ्यात, सांडून वाळलेल्या सरबताच्या थराखाली, पेराएवढा तुकडा निघाला. तो पेपरवर ठेवून म्हणालात, "आता झालं."

तड्याकडेही बघितलंत. "खाच वाचलीय, रबर धरेल," एवढंच म्हणालात. ज्यानं तो पाडला त्याला एका शब्दानं नावं ठेवली नाहीत. माझं तोंड मात्र सुरूच होतं. लाज वाटली जरा.

नवं रबर बसल्यावर दहाची नोट दारात धरून चारी बाजूंनी ओढून दाखवलीत. सगळीकडे घट्ट.

काल त्या दुसऱ्याचा फोन आला, पार्ट मिळालाय म्हणे. गार पाण्याचा घोट घेत त्याला म्हटलं, राहू द्या आता.