भट्टीच्या भोकाला विटेची उत्सर्जकता लावू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी वसाहतीतल्या फोर्जिंग भट्ट्यांमध्ये गॅस कसा वाचवावा, यावरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. विषय आमच्या रोजच्या कामाचा असल्याने मन लावून वाचला. पण त्यातला एक हिशेब चुकला आहे, आणि त्याच्या भरवशावर कोणी पैसे घालण्याआधी तो दुरुस्त व्हायला हवा. आतल्या विटांना लेप देऊन त्यांची उत्सर्जकता, म्हणजे तापल्यावर किरण सोडण्याची क्षमता, ०.८ वरून ०.४ वर आणली, तर दारातल्या खिडकीतून जाणारी उष्णता निम्मी होते, असे लेखकाने म्हटले आहे. तसे होत नाही.

उत्सर्जकता ०.४ असलेली वीट स्वतःहून कमी किरण सोडते, हे खरे. पण तीच वीट तिच्यावर पडणाऱ्या किरणांपैकी साठ टक्के परत फेकते, आणि बंद भट्टीत तिच्यावर चहूबाजूंनी तितक्याच तापलेल्या भिंतींचे किरण पडत असतात. स्वतःचे आणि परतवलेले मिळून भोकातून जवळजवळ पूर्ण कृष्णवस्तूइतके, म्हणजे त्या तापमानाला जास्तीत जास्त शक्य तितके, प्रारण बाहेर येते. वीन आणि लुमर या जर्मन भौतिकशास्त्रज्ञांनी १८९५ मध्ये प्रयोगशाळेत कृष्णवस्तू म्हणून तापवलेली पोकळी आणि तिला एक लहान छिद्र वापरण्याची कल्पना मांडली, ती याच कारणाने.

आकडे घालून पाहू. भट्टी आतून एक मीटर लांब, रुंद आणि उंच, म्हणजे भिंती सुमारे सहा चौरस मीटर. खिडकी २५ सेंटिमीटर बाजूची चौरस, म्हणजे भिंतींच्या साधारण शंभरावा भाग. भोकाची परिणामी उत्सर्जकता काढायची, तर विटेच्या उत्सर्जकतेचा व्यस्त घ्यावा, त्यातून एक वजा करावा, उरलेल्याला भोक आणि भिंती यांच्या क्षेत्रफळांच्या गुणोत्तराने गुणावे, त्यात एक मिळवावा आणि आलेल्या संख्येने एकाला भागावे. वीट ०.८ ची असेल तर उत्तर ०.९९ च्या वर येते, ०.४ ची असेल तर ०.९८. लेपाने फरक पडला तो एक-दीड टक्क्याचा. दार सताड उघडले आणि एक पूर्ण बाजूच मोकळी झाली, तर मात्र हेच आकडे ०.९५ आणि ०.७७ होतात. म्हणजे लेखकाचे गणित मोठ्या तोंडाच्या भट्टीत थोडे खरे ठरेल, खिडकीत नाही.

खिडकीत खरा फरक पडतो तो भिंतीच्या जाडीने, आणि लेखात तिचा उल्लेखच नाही. भोक जितके रुंद तितकीच भिंत जाड असेल, तर तिरपे किरण भोकाच्या कडांवर आदळतात आणि त्यांतले बरेच आत परततात. अशा वेळी सुमारे निम्मेच प्रारण बाहेर पडते. १२०० अंश सेल्सियसला कृष्णवस्तूतून दर चौरस मीटरला २६७ किलोवॉट निघतात. आपल्या खिडकीला त्यातले साधारण १६.७ येतात, आणि २५ सेंटिमीटर जाडीच्या भिंतीमुळे ते साडेआठाच्या आसपास राहतात. आठ तासांच्या शिफ्टला हे झाले जवळजवळ ७० युनिट. पण ही उष्णता गॅसने भरून काढायची असते, आणि या तापमानाला, जळणाची हवा आधी तापवलेली नसेल, तर गॅसच्या उष्णतेतली ४० टक्क्यांच्या आसपासच भट्टीत राहते, बाकीची धुराड्यातून जाते. म्हणून प्रत्यक्षात १७-१८ घनमीटर गॅस एका शिफ्टला केवळ त्या खिडकीपायी जळतो. भोकातून ज्वाळा बाहेर येत असतील, किंवा थंड हवा आत ओढली जात असेल, तर तो तोटा याहून वेगळा. तो चिमणीतली डँपर नावाची झडप लावून भट्टीतला दाब जुळवल्यानेच कमी होतो.

भोक कृष्णवस्तूसारखे वागते आहे की नाही, हे कोणत्याही भट्टीवाल्याला डोळ्यांनी पाहता येते. योग्य काच लावून पीप-होलमधून बघावे. माल आणि भिंती एकाच तापमानाला आल्या असतील, तर विटांचे सांधेसुद्धा दिसत नाहीत, सगळे एकाच रंगाचे भासते. बिलेट, म्हणजे तापायला ठेवलेला धातूचा ठोकळा, अजून काळपट उठून दिसत असेल, तर तो थंड आहे, आणि वरचा हिशेबही तोवर तंतोतंत लागू होत नाही, कारण आतली पोकळी एकसारखी तापलेली नाही.

त्या लेपाचे दुसरे काही फायदे असतीलही, त्यांवर माझा आक्षेप नाही. खिडकीसाठी मात्र सिरॅमिक फायबरचा भोकात घट्ट बसणारा बूच करून घ्यावा आणि बघायच्या वेळेपुरताच काढावा. माल सतत आत-बाहेर करावा लागत असेल, तर जेवढा माल जाईल तेवढेच तोंड ठेवावे. लेखातला निम्म्याचा आकडा आपण पुढच्या पुरवणीत दुरुस्त करावा, ही विनंती.

आपला,
एक भट्टी अभियंता
मांजलपूर, बडोदे