फिजिओथेरपिस्टचा बायोडेटा वाचताना

पुणे, १४ फेब्रुवारी

प्रिय मीनल,
सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेली जाहिरात आणि त्या मुलीचा बायोडेटा, दोन्ही समोर ठेवून वाचले. तिला भेटायला बोलाव, असंच माझं मत आहे. पण त्याआधी तिच्याकडून दोन-तीन गोष्टी मागवून घे, आणि जाहिरातीतली एक चूक आपली आपण दुरुस्त कर.

पहिली गोष्ट नोंदणीची. ‘रजिस्ट्रेशन’ या मथळ्याखाली तिने इंडियन असोसिएशन ऑफ फिजिओथेरपिस्ट्सचा आजीव सदस्य क्रमांक लिहिला आहे. ही व्यावसायिकांची संघटना आहे. तिचं सदस्यत्व चांगलंच, पण तो व्यवसायाचा परवाना नव्हे. महाराष्ट्रात २००२ च्या कायद्याने व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषद आहे आणि तुला हवा आहे तो त्या परिषदेचा नोंदणी क्रमांक. तो बायोडेटात कुठेच नाही. लगेच वाईट अर्थ काढू नकोस. नव्या मुलांचा हा गोंधळ नेहमी होतो. प्रमाणपत्राची प्रत मागव, वैधतेची तारीख बघ आणि एम.पी.टी.एच.ची वाढीव पात्रता त्यावर चढवली आहे का तेही बघ. पदवीवरचं नाव आणि नोंदणीवरचं नाव जुळतं का, हेही तपास. लग्नानंतर आडनाव बदललं की इथे हमखास फरक पडतो. परिषदेकडून खात्री झाल्याशिवाय तिच्या हाती रुग्ण देऊ नकोस, मग मुलाखत कितीही छान होवो.

विषयाबद्दल तू लिहिलंस की जाहिरातीत ‘मस्क्युलोस्केलेटल’ मागितलंय आणि तिचं एम.पी.टी.एच. न्यूरोचं आहे, म्हणून बाजूला ठेवू का? नको ठेवूस. पदवीनंतर तीन वर्षं ती हाडांच्या वॉर्डात आणि ओ.पी.डी.त आहे. हात कशावर बसलाय ते पदवीपेक्षा या तीन वर्षांवरून कळतं, आणि न्यूरोच्या माणसाला चाल वाचता येते, जी गुडघ्याच्या रुग्णांना फार उपयोगी पडते. तिने जोडलेली ड्राय नीडलिंग, टेपिंग, कपिंगची प्रमाणपत्रं दोन-दोन दिवसांच्या कार्यशाळांची आहेत. त्यांना ना गुण दे, ना ते कमी कर. खरी उणीव वेगळी आहे. लिगामेंटच्या, म्हणजे ए.सी.एल.च्या शस्त्रक्रियेनंतरचा एकही रुग्ण तिने लिहिलेला नाही आणि तुझ्याकडे ते खेळाडू बरेच येतात. तिला घेतलंस तर पहिले काही महिने ते रुग्ण तुझ्याकडेच राहू देत.

आता रुग्णसंख्या. ‘दिवसाला ३५ रुग्ण’ ही ओळ वाचून तू प्रभावित झालीस. जरा हिशेब कर. नऊ ते पाच, मधे अर्धा तास जेवण, म्हणजे ४५० मिनिटं. पस्तीस रुग्णांत वाटली तर प्रत्येकाला जेमतेम तेरा मिनिटं. तेवढ्यात तपासणी, हाताने उपचार, व्यायाम शिकवणं आणि नोंद बसत नाही. म्हणजे एक जण शेक घेतोय, दुसऱ्याला करंट लावलाय, तिसरा खिडकीशी उभा राहून पुली ओढतोय, अशी ती ओ.पी.डी. असणार. यात तिचा दोष नाही, मोठ्या रुग्णालयांत असंच चालतं. पण हा आकडा कामाचा उरक सांगतो, कसब सांगत नाही. तिला विचार: ३५ पैकी नवे किती, मशीनवरचे किती, आणि सलग वीस मिनिटं जवळ बसून तू केलेले किती? जिने खरंच काम केलंय ती क्षणभर थांबून ‘सहा-सात’ असं काहीतरी सांगेल. ‘सगळेच’ म्हणाली तर सावध हो.

तुझ्या जाहिरातीची चूक इथेच आहे. तू ‘दिवसाला १२ रुग्ण, प्रत्येकी ४० मिनिटं’ लिहिलंस. ती बरोबर ४८० मिनिटं झाली, आठ तास संपले. नव्या रुग्णाची तपासणी आणि केसपेपर लिहायचे कधी? नवे दोन धर, प्रत्येकी तासभर, आणि जुने दहा, प्रत्येकी अर्धा तास. सात तासांत बसतं आणि एक तास नोंदींना उरतो. जाहिरातीत असंच लिही. नाहीतर चांगली मुलगी महिनाभरात घाईला लागेल आणि नोंदी आधी सुटतील.

सगळ्यात जास्त वेळ मी परिणामांच्या दोन ओळींवर घालवला. एक ओळ आहे, ‘९५ टक्के रुग्ण बरे झाले’. ती सोडून दे. बरे म्हणजे काय, किती दिवसांत, मधेच यायचे थांबले ते कुठे मोजले, काहीच कळत नाही. पण त्याखाली तिने लिहिलंय: गुडघा बदललेले ४३ रुग्ण, तिघांनी मधेच सोडलं, उरलेल्या ४० जणांचं वाकणं सहा आठवड्यांत सरासरी ७२ अंशांवरून ११० वर. मीनल, या एका ओळीसाठी मी तिला बोलावेन. सोडून गेलेले तीन जिने लपवले नाहीत, ती मोजायला शिकलेली आहे.

तरी ही ओळ अर्धीच आहे. वाकण्याचा आकडा सगळे लिहितात, कारण तो दिसायला छान वाढतो. गुडघा सरळ किती होतो, ते तिने लिहिलेलं नाही. शेवटचे पाच-दहा अंश राहिले तर माणूस वाकलेल्या गुडघ्यावर चालतो, मांडीचा पुढचा स्नायू सतत ताणलेला राहतो आणि थोड्या अंतरात पाय भरून येतो. म्हणून विचार: झोपवून गोनिओमीटरने मोजलंस का, रुग्णाने स्वतः वाकवलेलं की तू दाबून वाकवलेलं, आणि सरळ पाय उचलताना गुडघा किती अंश ढिला पडत होता? शस्त्रक्रियेआधीचं वाकणंही विचार. आधीच ताठर असलेला गुडघा नंतरही कमीच वाकतो, त्याचं खापर किंवा श्रेय तिच्यावर नको. शिवाय या शस्त्रक्रियेनंतर बहुतेकांत सुधारणा होतेच. त्यामुळे सरासरीपेक्षा मागे पडलेल्यांचं काय केलं, ते जास्त बोलकं आहे.

मुलाखतीत म्हणून हा एकच प्रश्न नीट विचार. सहा आठवडे झाले, गुडघा ८० अंशांवर अडकलाय, काय करशील? ‘व्यायाम वाढवेन’ एवढंच आलं तर पुरेसं नाही. सूज, उष्णता, दुखणं बघेन, घरी व्यायाम होतोय का विचारेन, आणि सर्जनला आत्ताच कळवेन, हे यायला हवं. भूल देऊन गुडघा मोकळा करायचा असेल तर ते साधारण पहिल्या बारा आठवड्यांत केलेलं बरं. त्यानंतर आतले चिकटलेले पापुद्रे घट्ट होत जातात. हे जिला माहीत आहे ती रुग्णाला उगाच दोन महिने दाबत बसणार नाही.

उद्याच तिला मेल टाक: परिषदेचं प्रमाणपत्र, ३५ रुग्णांची फोड, आणि त्या ४० जणांपैकी दोघांच्या मोजमापाच्या नोंदी, नावं झाकून. एक चांगला सुधारलेला, एक न सुधारलेला. दुसरा कागद आधी वाच.

तुझी,
वैशाली