अठराखालच्या मुलांचे केस रंगवताना आई-वडिलांची सही हवी

मा. अन्न व औषध प्रशासन मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस
सप्रेम नमस्कार.

मी मिरजेत ब्युटी पार्लर चालवते. लग्नसराई आली की शाळकरी मुली केस रंगवायला येतात. त्यांना कोणत्या वयापासून रंग लावावा, परवानगी कोणाची घ्यावी, याबद्दल माझ्या गुमास्ता परवान्यात एक ओळही नाही. प्रत्येक पार्लर आपापल्या मनाने ठरवतं.

मागच्या लग्नसराईत नववीतली एक मुलगी मावशीबरोबर आली. आईने फोनवर "करा हो" म्हणून टाकलं. मी नेहमीप्रमाणे विचारलं, काळी मेंदी कधी काढली होतीस का? जत्रेत काढली होती, म्हणाली. मेंदी काढल्याच्या दुसऱ्या दिवशी हाताला खाज सुटली आणि नक्षी होती तिथेच फोड आले. मी रंग लावायला नकार दिला. आईला फोड माहीत होते, पण त्यांचा केसांच्या रंगाशी संबंध असेल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

साधी मेंदी तांबूस रंगते. ती काळीभोर व्हावी म्हणून तिच्यात पीपीडी मिसळतात आणि हेच रसायन बहुतेक पक्क्या हेअर कलरमध्येही असतं. एकदा शरीराने त्याची ॲलर्जी धरली की ती सहसा जन्मभर राहते. पुढच्या वेळी डोक्याला रंग लागला की टाळूला फोड येतात, कपाळ आणि पापण्या सुजतात, कधी श्वासही कोंडतो. म्हणून कानामागे थेंबभर रंग लावून ४८ तास वाट बघायची असते. पाकिटावर आधी चाचणी घ्या असं छापलेलं असतं, पण "आज लगेच करून द्या" म्हणणाऱ्या गिऱ्हाईकापुढे ती ओळ कोण वाचतो? शिवाय चाचणीत काही उठलं नाही म्हणजे धोका शून्य झाला, असंही नाही.

युरोपीय संघात अशा रंगांच्या वेष्टनावर १६ वर्षांखालील व्यक्तींसाठी नाही असं छापावं लागतं. आपल्याकडेही सोळाखाली पक्का रंग नकोच. सोळा ते अठरामध्ये आई, वडील किंवा कायदेशीर पालक स्वतः पार्लरमध्ये येऊन सही करतील, असा नियम करा. मावशी, ताई किंवा फोनवरचा होकार चालू नये. मुलीची स्वतःची सही घेऊन भागत नाही, कारण अठरा पूर्ण होईपर्यंत कायद्याने ती करार करू शकत नाही.

सही चाचणीच्या दिवशीच घ्यावी, म्हणजे निर्णयाला दोन दिवस मिळतील. फॉर्म मराठीत असावा आणि त्यात काळ्या मेंदीचा प्रश्न पहिला असावा. रसायनाचं नाव आणि पाकिटाचा बॅच क्रमांकही लिहावा, म्हणजे त्रास झाला तर डॉक्टरला कारण शोधत बसावं लागणार नाही. स्मूदनिंग, रिबॉन्डिंगलाही हाच फॉर्म लावावा. साधा हेअरकट, तेलमालिश यांना मात्र ही कटकट नको, नाहीतर लोक सगळ्याच फॉर्मवर न वाचता सह्या करतील.

आज मी नाही म्हटलं की गिऱ्हाईक शेजारच्या पार्लरमध्ये जातं. नियम सगळ्यांना एकच असेल तर आम्हालाही नाही म्हणता येईल. मी वापरते तो फॉर्म सोबत जोडला आहे.

आपली नम्र,
एक पार्लरचालक, मिरज